पांढऱ्या कॉलन्या भरपूर, पण बहुतेकांत इन्सर्टच नाही: असे का होते?

शर्वरी_स

निळ्या-पांढऱ्या निवडीबद्दल एक शंका विचारायची आहे. पीयूसी19 हा व्हेक्टर स्मा-वन या एन्झाइमने कापलेला आहे. त्यात 420 बेसजोड्यांचा एक पीसीआर तुकडा बोथट टोकांनी जोडायचा आहे. तुकडा बॅक्टेरियाच्या जीनोमिक डीएनएवरून प्रूफरीडिंग पॉलिमरेजने वाढवला आणि कॉलममधून शुद्ध केला. लायगेशन रात्रभर 16 अंशांवर ठेवून ते डीएच5 अल्फा पेशींत ट्रान्सफॉर्म केले आणि अँपिसिलिन, एक्स-गॅल व आयपीटीजी असलेल्या प्लेटवर पसरले.

सकाळी प्लेटवर 52 पांढऱ्या आणि 9 निळ्या कॉलन्या होत्या. हे प्रमाण पाहून काम झाले असेच वाटले. मात्र 12 पांढऱ्या कॉलन्या उचलून एम13च्या दोन प्रायमरांनी कॉलनी पीसीआर केल्यावर चित्र वेगळे निघाले. रिकाम्या व्हेक्टरमधून या प्रायमरांनी सुमारे 100 बेसजोड्यांचा पट्टा येतो आणि इन्सर्ट असेल तर तो 520च्या आसपास यायला हवा. माझ्याकडे 9 कॉलन्यांत 100चा पट्टा आला, एकीत 520चा आला आणि दोहोंत काहीच आले नाही.

इन्सर्ट नसेल तर लॅक-झेड अल्फा अखंड राहते आणि कॉलनी निळी होते, असे आपण गृहीत धरतो. मग इन्सर्ट नसलेल्या या नऊ कॉलन्या पांढऱ्या कशा राहिल्या?

पेट्रीबहाद्दर

एक्स-गॅल. शंभरातल्या नव्वद वेळा दोष एक्स-गॅलचाच असतो. 20 मिलिग्रॅम प्रति मिलिलीटरच्या द्रावणाचे 40 मायक्रोलीटर तुम्ही प्लेटवर वरून पसरवले असतील, तर ते सगळीकडे सारखे पसरत नाही आणि ज्या भागात कमी पोचते तिथल्या निळ्या व्हायच्या कॉलन्या पांढऱ्या दिसतात. शिवाय द्रावण प्रकाशात राहिले की निकामी होते. प्लेट काही तास फ्रिजमध्ये ठेवा, निळा रंग गडद होईल आणि तुमच्या निम्म्या पांढऱ्या कॉलन्या आपोआप निळ्या होतील.

शर्वरी_स

एक्स-गॅल आगारमध्येच मिसळून प्लेट ओतल्या होत्या, त्यामुळे ते असमान पसरले असण्याचा प्रश्न येत नाही. तरीही प्लेट दुपारपर्यंत 4 अंशांवर ठेवून पाहिली. निळ्या होत्या त्या अधिक गडद झाल्या आणि पांढऱ्या होत्या त्या पांढऱ्याच राहिल्या.

ओंकार_जे

माझाही अनुभव असाच होता, म्हणून लिहितो. आमच्याकडे जेएम109 ही जात वापरत असत. न कापलेला पीयूसी19 ट्रान्सफॉर्म केला तरी प्लेटवर काही कॉलन्या पांढऱ्या येत, आणि त्यात इन्सर्टचा काही संबंधच नसे. लॅक-झेडचा डेल्टा-एम15 भाग या जातीत एफ-प्राइम प्लास्मिडवर असतो, आणि साध्या माध्यमावर पिढ्यान्पिढ्या वाढवत राहिले की काही पेशी ते एफ-प्राइम गमावतात. अशा पेशीत अल्फा तुकडा कितीही तयार झाला तरी त्याला जोडीदार मिळत नाही आणि कॉलनी पांढरी राहते. आम्ही प्रोलीन नसलेल्या मिनिमल प्लेटवरून पेशी नव्याने घेतल्या आणि प्रश्न मिटला.

मृण्मयी_द

ओंकार, तुमचे निदान जेएम109साठी अगदी बरोबर आहे, पण शर्वरीताईंच्या डीएच5 अल्फामध्ये डेल्टा-एम15 हा फेज 80च्या रूपाने गुणसूत्रातच बसलेला असतो. तो असा सहजासहजी निघून जात नाही. तरी शंका राहू नये म्हणून न कापलेला पीयूसी19 त्याच पेशींत टाकून त्याच प्लेटवर पसरावा. सगळ्या कॉलन्या निळ्या आल्या तर पेशी, एक्स-गॅल आणि आयपीटीजी या तिघांवरचा संशय एका प्लेटमध्ये संपतो.

मला दुसऱ्याच गोष्टीची उत्सुकता आहे. 9 निळ्या आणि 52 पांढऱ्या हे प्रमाणच मला खटकते. बोथट टोकांच्या लायगेशनमध्ये कापलेला व्हेक्टर स्वतःशीच सहज जुळतो, त्यामुळे निळ्या कॉलन्या भरपूर यायला हव्यात. त्या इतक्या कमी असतील तर व्हेक्टरवर फॉस्फेटेजची प्रक्रिया झालेली असली पाहिजे. ज्या ट्यूबमधून व्हेक्टर घेतला तिच्या झाकणावर नेमके काय लिहिले आहे? आणि पीसीआरचे प्रायमर साधे होते की पाच-प्राइम टोकाला फॉस्फेट लावून मागवलेले होते?

गजानन_प

या धाग्यावरच विचारून घेतो. माझ्याकडे उलटेच झाले आहे. फिकट निळ्या कॉलनीत इन्सर्ट सापडला. म्हणजे ही निवडपद्धतच चुकीची आहे का? पांढऱ्या कॉलन्या पाहायच्याच नाहीत का?

मृण्मयी_द

गजानन, तो प्रश्न वेगळा आहे, पण त्याचे उत्तर इथेही उपयोगी पडेल. इन्सर्टची लांबी तीनने भागली जात असेल, त्यात मध्ये कुठे स्टॉप कोडॉन नसेल आणि तो लहान असेल, तर वाचनाची चौकट टिकते आणि अल्फा तुकडा थोडाफार काम करतो. त्यामुळे रंग फिकट निळा येतो. शर्वरीताईंचा तुकडा 420चा आहे, म्हणजे तीनने बरोबर भागला जाणारा. त्यांनी निळ्यांपैकी फिकट दिसणाऱ्या एक-दोन कॉलन्याही तपासाव्यात.

शर्वरी_स

झाकणावर 'पीयूसी19, स्मा-वन, सीआयपी' असे लिहिलेले आहे. व्हेक्टर आधीच कोणीतरी तयार करून फ्रीझरमध्ये ठेवला होता आणि ती ट्यूब बरीच वापरलेली दिसते. प्रायमर साधेच आहेत, फॉस्फेट लावलेले नाही.

मृण्मयी_द

मग कोडे बरेचसे सुटले. लायगेजला दोन टोके जोडायला एका बाजूला पाच-प्राइम फॉस्फेट आणि दुसऱ्या बाजूला तीन-प्राइम हायड्रॉक्सिल लागते. साधे प्रायमर फॉस्फेटविना येतात आणि प्रूफरीडिंग पॉलिमरेजने वाढवलेल्या तुकड्याची पाच-प्राइम टोके म्हणजे त्या प्रायमरांचीच टोके असतात, त्यामुळे तुमच्या इन्सर्टवर फॉस्फेट नाही. व्हेक्टरचे फॉस्फेट सीआयपीने काढून टाकले, म्हणजे तिथेही नाही. दोन्ही बाजूंनी हात आखडते घेतल्यावर लायगेजने जोडायचे तरी काय?

तरीही प्लेटवर 61 कॉलन्या आल्या. प्लास्मिड वर्तुळाकार झाल्याशिवाय त्या येत नाहीत, म्हणजे काही व्हेक्टर रेणूंना फॉस्फेट होते. असे रेणू दोन प्रकारचे असू शकतात. पहिल्या प्रकारात सीआयपीच्या तावडीतून सुटलेले, म्हणजे टोके जशीच्या तशी असलेले रेणू येतात. ते स्वतःशी जुळले की स्मा-वनची जागा आणि वाचनाची चौकट दोन्ही पूर्ववत होतात, आणि कॉलनी निळी होते. तुमच्या 9 निळ्या बहुधा याच आहेत.

दुसऱ्या प्रकारातल्या रेणूंची टोके कुरतडलेली असतात. फॉस्फेटेज फक्त सगळ्यात शेवटच्या न्यूक्लिओटाइडवरचे फॉस्फेट काढते. पाच-प्राइम बाजूने खाणाऱ्या एक्सोन्युक्लिएजचा अंशही कुठून आला आणि त्याने ते शेवटचे न्यूक्लिओटाइडच उचलले, तर त्याच्या मागचे न्यूक्लिओटाइड आपले फॉस्फेट घेऊन उघडे पडते आणि ते टोक पुन्हा जोडण्यालायक होते. मात्र आता त्यातला एखादा बेस कमी झालेला असतो. असा व्हेक्टर स्वतःशी जुळला की चौकट मोडते, अल्फा तुकडा निकामी होतो आणि इन्सर्ट नसतानाही कॉलनी पांढरी राहते. यात गंमत अशी की फॉस्फेटेजने निळ्या कॉलन्या रोखल्या, पण या पांढऱ्या रोखल्या नाहीत, आणि म्हणूनच प्लेट यशस्वी झाल्यासारखी दिसली.

बोथट_टोक

मृण्मयीताईंच्या मांडणीत मला एक अडचण दिसते. टोके कुरतडली जातात ती मुख्यतः कापताना, विशेषतः कोणी एन्झाइम भरपूर घालून मिश्रण रात्रभर ठेवले तर. ते झाल्यावर सीआयपी घातले जाते. म्हणजे कुरतडलेल्या टोकांवर उघडे पडलेले फॉस्फेटही सीआयपी काढून टाकणारच, कारण त्याच्या दृष्टीने चांगल्या आणि खराब टोकात काही फरक नाही. मग निळ्या आणि पांढऱ्या दोन्ही सारख्याच प्रमाणात कमी व्हायला हव्यात. पांढऱ्यांचे प्रमाण वाढण्याचे कारण काय?

मृण्मयी_द

हरकत योग्य आहे आणि मी क्रम स्पष्ट लिहायला हवा होता. कापताना झालेल्या कुरतडीमुळे पांढऱ्या कॉलन्या येतात, पण त्यांचे निळ्यांशी प्रमाण सीआयपीमुळे बदलत नाही. प्रमाण पांढऱ्यांच्या बाजूला झुकले असेल, तर कुरतडणे सीआयपीचे काम संपल्यानंतर झाले असले पाहिजे. ते साठवणीत झाले असेल, वारंवार गोठवण्या-वितळवण्यात झाले असेल, किंवा लायगेशनच्या मिश्रणातल्या एखाद्या घटकामुळे झाले असेल.

एक तिसरी शक्यताही आहे, आणि तिथे लायगेजचा संबंधच येत नाही. न जुळलेला सरळ रेणू पेशीत शिरला तर पेशी स्वतःच कधीकधी त्याची टोके खाऊन त्याला वर्तुळाकार करते. हे फार कमी वेळा घडते, पण घडते तेव्हा बऱ्याचदा तुकडाही गळतो आणि कॉलनी पांढरी येते. यातली कोणती शक्यता खरी हे ठरवायला कंट्रोल प्लेटच हव्यात.

अगारवेडा

इतकी चिकित्सा कशाला? एक कॉलनी बरोबर आलीच आहे. राहिलेल्या 40 पांढऱ्यांतून अजून 24 उचला, त्यात दोन-तीन सापडतील, आणि संध्याकाळपर्यंत घरी जा. फॉस्फेटची चौकशी निवृत्तीनंतर करता येईल.

बोथट_टोक

अगारवेडा यांच्या सल्ल्याने काम होईल, हे नाकारता येत नाही. पण जी एक कॉलनी बरोबर आली तिच्या जोडाचे सीक्वेन्सिंग केल्याशिवाय ती वापरू नये. इन्सर्टवर फॉस्फेट नसल्यामुळे तो ज्या व्हेक्टर रेणूला जुळला त्याला फॉस्फेट होते, म्हणजे तोही कुरतडलेल्यांपैकीच असण्याची शक्यता बरीच आहे. इन्सर्ट जागेवर असेल, पण शेजारची बॅम-एच-वन किंवा केपीएन-वनची जागा गेलेली असेल, आणि पुढे तिथूनच तुकडा कापून काढायचा असेल तर पंचाईत होईल.

रुद्र_क

ट्यूबमधला व्हेक्टर टाकून द्यायचा नसेल तर एक सोपी युक्ती आहे. लायगेशनच्या मिश्रणातच थोडे स्मा-वन घाला. व्हेक्टर स्वतःशी जुळला की स्मा-वनची जागा पुन्हा तयार होते आणि एन्झाइम त्याला पुन्हा कापते. इन्सर्ट जुळला तर ती जागा तयार होत नाही, त्यामुळे तो सुरक्षित राहतो. स्मा-वनला 25 अंश तापमान मानवते आणि लायगेजही त्या तापमानाला काम करते. रिकाम्या व्हेक्टरचा प्रश्न कायमचा मिटतो.

मृण्मयी_द

युक्ती चांगली आहे, मीही ती वापरते. इन्सर्टमध्ये स्मा-वनची जागा नसली पाहिजे, इतकी एकच अट आहे. पण 'कायमचा मिटतो' हे मान्य नाही. ही युक्ती फक्त तंतोतंत जुळलेल्या व्हेक्टरला परत कापते, म्हणजे निळ्या कॉलन्या कमी करते. कुरतडून जुळलेल्यात बहुधा स्मा-वनची जागाच उरत नाही, त्यामुळे त्या तशाच राहतात. शर्वरीताईंना नको आहेत त्या पांढऱ्या, आणि या युक्तीने त्यांचे प्रमाण उलट वाढेल.

केतकी_रा

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, आणि कदाचित इथे लागू नसेल. मी इन्सर्ट पीसीआरने न वाढवता दुसऱ्या एका प्लास्मिडमधून कापून काढत होते, आणि त्या प्लास्मिडवरही अँपिसिलिनचाच प्रतिकार होता. जेलमधून तुकडा कापून घेताना न कापलेले मूळ प्लास्मिड अगदी थोडे सोबत आले. त्यात लॅक-झेड अल्फा नव्हतेच, त्यामुळे ते शिरलेली प्रत्येक पेशी पांढरी कॉलनी देत होती. न कापलेले वर्तुळाकार प्लास्मिड लायगेशनच्या उत्पादनापेक्षा कितीतरी सहजपणे पेशीत शिरते, म्हणून त्याचा अंशही प्लेट भरून टाकायला पुरतो. तुमच्या दोन कॉलन्यांत एम13चा पट्टाच आला नाही, त्या अशाच असतील का?

शर्वरी_स

माझा साचा जीनोमिक डीएनए होता, त्यात दुसरे कोणतेच प्लास्मिड नव्हते. त्यामुळे ते कारण इथे बसत नाही. पट्टा न आलेल्या त्या दोन कॉलन्या आकाराने लहान होत्या आणि एका मोठ्या कॉलनीला अगदी लागून होत्या, हे आत्ता प्लेट पुन्हा पाहिल्यावर लक्षात आले.

ओंकार_जे

मग त्या उपकॉलन्या असतील. मोठी कॉलनी बीटा-लॅक्टमेज बाहेर सोडते, आजूबाजूचे अँपिसिलिन संपते आणि प्लास्मिड नसलेल्या पेशीही तिथे वाढू लागतात. त्यांच्याकडे अल्फा तुकडाच नाही, त्यामुळे त्या पांढऱ्याच दिसणार. प्लेट 16-18 तासांपेक्षा जास्त वेळ 37 अंशांवर ठेवली की हे हमखास होते. त्या दोन्ही कॉलन्या ताज्या अँपिसिलिन प्लेटवर रेघ ओढून पाहा, म्हणजे प्लास्मिड आहे की नाही ते कळेल.

शर्वरी_स

सर्वांच्या सूचनांप्रमाणे कंट्रोल प्लेट केल्या. सगळीकडे व्हेक्टर त्याच ट्यूबमधला आणि तितकाच घेतला, पेशी एकाच खेपेच्या वापरल्या आणि प्लेटही एकाच वेळी ओतलेल्या होत्या.

न कापलेल्या पीयूसी19च्या प्लेटवर सगळ्या कॉलन्या निळ्या आल्या, एकही पांढरी नव्हती. व्हेक्टर टाकला पण लायगेज टाकले नाही, त्या प्लेटवर 3 निळ्या आणि 5 पांढऱ्या आल्या. व्हेक्टर आणि लायगेज दोन्ही टाकले पण इन्सर्ट टाकला नाही, त्या प्लेटवर 7 निळ्या आणि 44 पांढऱ्या आल्या.

याखेरीज इन्सर्ट नसलेल्या सहा पांढऱ्या कॉलन्यांची मिनिप्रेप करून प्रत्येकीला स्मा-वनने कापून पाहिले. पाच कापल्या गेल्या नाहीत, इको-आर-वनने मात्र त्या व्यवस्थित कापल्या गेल्या. सहावी स्मा-वननेही कापली गेली. म्हणजे तिथे टोके शाबूत आहेत. मग ती पांढरी कशी?

पेट्रीबहाद्दर

न कापलेल्या प्लास्मिडची प्लेट पूर्ण निळी आली, तेव्हा माझे एक्स-गॅल निर्दोष सुटले म्हणायचे. पण सहाव्या कॉलनीचे काय?

मृण्मयी_द

आधी प्लेटकडे पाहू. तिसरी प्लेट सगळ्यात महत्त्वाची, कारण तिथे इन्सर्ट अजिबात नव्हता आणि तरीही 44 पांढऱ्या आल्या. तुमच्या मूळ प्लेटवरच्या 52 पांढऱ्यांपैकी बहुतेक सगळ्या व्हेक्टरनेच दिल्या असाव्यात, हे त्यावरून उघड होते. कोणत्याही लायगेशनमध्ये पांढऱ्या कॉलन्या मोजताना ही इन्सर्टविना प्लेट शेजारी नसेल, तर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. लायगेजशिवाय 5 पांढऱ्या आणि लायगेज घातल्यावर 44, म्हणजे या पांढऱ्या बहुतांशी लायगेजनेच जोडल्या. पेशीने आत नेऊन जुळवल्याचा वाटा लहान आहे. आणि 7 निळ्यांना 44 पांढऱ्या हे प्रमाण बोथट_टोक यांच्या हरकतीचे उत्तर देते. कुरतडणे सीआयपीनंतर झाले आहे.

आता सहावी कॉलनी. व्हेक्टरच्या त्या भागाचा क्रम लिहून पाहिला की कोडे सुटते. पहिली ओळ मूळ व्हेक्टरची आहे, खालच्या दोन्हींत एकेक बेस गळाला आहे.

```
GAGCTCGGTACCCGGGGATCCTCTAGA
GAGCTCGGTACCGGGGATCCTCTAGA
GAGCTCGGTACCCGGGATCCTCTAGA
```

स्मा-वन CCCGGG या क्रमाच्या बरोबर मध्ये कापते. डाव्या टोकावरचा एक C गेला तर दुसरी ओळ तयार होते. तिच्यात CCCGGG उरत नाही, त्यामुळे स्मा-वन कापत नाही, पण केपीएन-वन आणि बॅम-एच-वनच्या जागा शाबूत राहतात. तुमच्या पाचांपैकी काही अशा असतील. उजव्या टोकावरचा एक G गेला तर मात्र तिसरी ओळ तयार होते. मूळ क्रमात तीन C नंतर चार G आहेत, त्यातला एक गेला तरी तीन उरतात आणि CCCGGG जसेच्या तसे दिसते. बॅम-एच-वनचे GGATCC देखील टिकते. म्हणजे तिन्ही एन्झाइमे कापतील, एम13चा पट्टा 100ऐवजी 99 येईल जो कोणत्याही अगारोज जेलवर ओळखू येणार नाही, आणि तरीही चौकट मोडलेली असल्यामुळे कॉलनी पांढरी असेल. तुमची सहावी बहुधा हीच आहे. ते सीक्वेन्सिंगनेच सिद्ध होईल.

बोथट_टोक

याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. एकूण तीन बेस गेले तर चौकट टिकते आणि कॉलनी निळी येते. डावीकडचा एक आणि उजवीकडचे दोन गेले, तर GGTACC आणि GGATCC सलग येतात, केपीएन-वन आणि बॅम-एच-वन दोन्ही कापतात, फक्त स्मा-वन कापत नाही. म्हणजे निळी कॉलनी पाहून टोके शाबूत होती असे म्हणता येत नाही, आणि पांढऱ्यांच्या संख्येवरून कुरतडीचा अंदाज केला तर तो खऱ्यापेक्षा कमीच येतो.

रुद्र_क

मग एन्झाइम विकणाऱ्या कंपन्या काय तपासतात? त्यांच्या माहितीपत्रकावर तर 'निळी-पांढरी चाचणी उत्तीर्ण' असे छापलेले असते.

मृण्मयी_द

त्या हेच तपासतात. लॅक-झेड असलेले प्लास्मिड त्या एन्झाइमने कापायचे, परत जोडायचे, ट्रान्सफॉर्म करायचे आणि पांढऱ्या कॉलन्यांचे प्रमाण पाहायचे. तिथे इन्सर्ट नसतोच, त्यामुळे प्रत्येक पांढरी कॉलनी म्हणजे बिघडलेले टोक, असा सरळ हिशेब मांडता येतो. पण ती चाचणी नव्या एन्झाइमची असते, फ्रीझरमध्ये अनेकदा वितळवलेल्या तुमच्या ट्यूबची नसते.

शर्वरीताई, पुढच्या वेळी व्हेक्टर ताजा कापा, 25 अंशांवर एक तास पुरेल, आणि लगेच कॉलममधून शुद्ध करा. सीआयपी घालू नका. उलट इन्सर्टला टी4 पॉलिन्यूक्लिओटाइड कायनेज आणि एटीपीने फॉस्फेट लावा. निळ्या कॉलन्या खूप येतील, त्यांना घाबरू नका. त्या वेगळ्या ओळखता याव्यात म्हणूनच तर एक्स-गॅल घालतो.

अगारवेडा

म्हणजे निळ्या कमी करायच्या नादात सगळे रामायण घडले. मी तर सीआयपी हे सवयीने घालतो.

केतकी_रा

सीआयपी सरसकट वाईट आहे, असा अर्थ कोणी काढू नये. इन्सर्ट दुर्मीळ असेल किंवा एक्स-गॅलची सोय नसलेला व्हेक्टर असेल, तर फॉस्फेटेजशिवाय रिकाम्या कॉलन्यांच्या गर्दीत बरोबर कॉलनी सापडणार नाही. तेव्हा इन्सर्टवर फॉस्फेट आहे याची खात्री करून घ्यायची, इतकेच. एन्झाइमने कापून काढलेल्या इन्सर्टवर ते असतेच. पीसीआरच्या तुकड्याबाबतच हा घोळ होतो.

शर्वरी_स

मृण्मयीताईंनी सांगितल्याप्रमाणे केले. नव्या व्हेक्टरच्या इन्सर्टविना प्लेटवर 230च्या आसपास निळ्या आणि 4 पांढऱ्या आल्या. इन्सर्टसह केलेल्या प्लेटवर 210च्या आसपास निळ्या आणि 38 पांढऱ्या आल्या. आठ पांढऱ्या उचलल्या, त्यांपैकी सात कॉलन्यांत 520चा पट्टा आला. एकूण पांढऱ्या आधीपेक्षा कमीच आहेत, पण या वेळी 38 मधल्या चारेक सोडल्या तर बाकी खऱ्या असाव्यात असे दोन प्लेटच्या तुलनेवरूनच म्हणता येते.

जुन्या प्लेटवरच्या स्मा-वनने कापल्या गेलेल्या सहाव्या कॉलनीचे सीक्वेन्सिंगही आले. मृण्मयीताईंनी लिहिलेली तिसरी ओळच निघाली, एक G कमी. कापल्या न गेलेल्या पाचांपैकी तिघींचे सीक्वेन्सिंग केले. दोघींत दुसरी ओळ सापडली आणि तिसरीत दोन्ही बाजूंचे दोन-दोन बेस गेलेले होते, त्यामुळे केपीएन-वनची जागाही गेली आहे. लहान दोन कॉलन्या ताज्या अँपिसिलिन प्लेटवर ओढल्या, त्यातली एक उगवलीच नाही. दुसरी मात्र उगवली, आणि तिच्यात एम13चा पट्टा अजूनही येत नाही.

ओंकार_जे

जी उगवली नाही ती उपकॉलनी. दुसरीत प्लास्मिड आहे हे नक्की. त्याची मिनिप्रेप सरळ करून आकार पाहिला का? गळालेला तुकडा मोठा असेल तर प्रायमर बसायची जागाही त्याबरोबर गेली असेल.

शर्वरी_स

आकार 2686 पेक्षा स्पष्टपणे लहान दिसतो, साधारण 2300 असेल. इको-आर-वनने कापले जात नाही.

मृण्मयी_द

मग पेशीत शिरलेल्या सरळ रेणूची टोके पेशीनेच खाल्ली आणि नंतर जुळवली, असे मला वाटते. लायगेजशिवायच्या प्लेटवरच्या 5 पांढऱ्यांतही असेच काही मिळू शकेल.

बोथट_टोक

मला ते तितके निश्चित वाटत नाही. ट्यूबमधल्या न्युक्लिएजनेही काही रेणू इतके खाल्लेले असू शकतात, आणि मग लायगेजने ते जोडले असतील. दोन्हींचा परिणाम जेलवर सारखाच दिसेल. लायगेजशिवायच्या प्लेटवरच्या पाचही कॉलन्यांचा आकार पाहिला आणि त्या सगळ्या अशाच लहान निघाल्या, तर मृण्मयीताईंचे म्हणणे मान्य करीन.

शर्वरी_स

त्या प्लेट अजून फ्रिजमध्ये आहेत. पाचही कॉलन्या रात्रभर वाढायला लावते, आकार कळला की इथेच लिहीन.

पेट्रीबहाद्दर

लावताना शेजारी एक निळीही लावा, तुलनेसाठी. आणि त्या जुन्या ट्यूबच्या झाकणावर आता काहीतरी ठळक लिहून ठेवा, नाहीतर पुढचा माणूस हाच धागा पुन्हा काढेल.